‘येते’ म्हणून गेलेली मुलगी: मराठी लघुपटाला इंग्रजी सबटायटल देताना

गेल्या वर्षी एका मैत्रिणीचा १८ मिनिटांचा लघुपट परदेशातल्या महोत्सवाला जायचा होता. तिने संवादांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवलं होतं, एका फाइलमध्ये, पटकथेच्या क्रमाने. भाषांतर चांगलं होतं. पण ते पडद्यावर बसवायला घेतलं तेव्हा निम्म्याहून अधिक ओळी वाचून व्हायच्या आत पात्र पुढचं वाक्य बोलायला लागायचं. सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून मी उलट्या क्रमाने काम करते. आधी वेळा बांधायच्या, मग त्या वेळेत मावेल असं इंग्रजी लिहायचं. हा लेख त्याच क्रमाने जातो, आणि उदाहरणंही त्याच लघुपटातली आहेत.

सुरुवात कुठल्या फाइलपासून

पिक्चर लॉक झाल्याशिवाय, म्हणजे संकलन पक्कं झाल्याशिवाय, सबटायटलला हात लावू नका. संकलकाने नंतर एका दृश्यातून दोन सेकंद काढले, तर तिथून पुढची प्रत्येक ओळ दोन सेकंद उशिरा येते. लॉक झालेल्या प्रतीची एक हलकी फाइल मागून घ्या आणि सोबत तीन गोष्टी लेखी विचारा. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला फ्रेम, किती आहे: २४, २३.९७६ की २५? टाइमलाइन शून्यापासून सुरू होते की एका तासापासून? आणि सुरुवातीला नंतर काही पाटी किंवा लोगो जोडला जाणार आहे का? या तीन उत्तरांवरून पुढची बहुतेक भांडणं टळतात. त्यांच्याकडे शेवटी परत येऊ.

मग संवादांची यादी करा, पण पटकथेवरून नाही, पडद्यावरून. नट चित्रीकरणाच्या वेळी शब्द बदलतात, वाक्य अर्धवट सोडतात, एखादं ‘अगं’ वाढवतात. जे ऐकू येतं तेच लिहायचं. प्रत्येक संवादापुढे कोण कोणाशी बोलतंय आणि त्या वाक्यामागे काय आहे हे एका ओळीत टिपून ठेवायचं. ही टिपणं दिग्दर्शकासोबत बसून केली तर उत्तम, कारण ‘बरं’ हा होकार आहे की राग, हे कधी कधी त्यालाच माहीत असतं.

वेळा बांधणं

यासाठी Subtitle Edit किंवा Aegisub पुरेसं आहे. दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्हींत चित्रासोबत आवाजाची लाट दिसते. लाट जिथे उठते तिथे सबटायटल सुरू करायचं, आवाजाच्या आधी नाही. दोन-तीन फ्रेम मागेपुढे झालेलं कोणाला कळत नाही, पण अर्धा सेकंद आधी आलेली ओळ नटाच्या तोंडचं वाक्य हिरावून घेते. संपवताना मात्र थोडी सवलत आहे. बोलणं थांबल्यावर अर्धा सेकंदपर्यंत ओळ राहिली तरी चालते, आणि वाचणाऱ्याला तेवढाच जास्त वेळ मिळतो. लागोपाठच्या दोन सबटायटलमध्ये किमान दोन फ्रेम मोकळ्या ठेवा. नाहीतर मजकूर बदलला आहे हे डोळ्याला जाणवतच नाही.

शॉट बदलतो तिथे काळजी घ्यावी लागते. सबटायटल कटच्या पुढे जेमतेम चार-पाच फ्रेम रेंगाळलं तर ते चूक वाटतं, आणि नव्या शॉटवर नजर पुन्हा खाली मजकुराकडे जाते. म्हणून संवाद कटच्या जवळ संपत असेल तर ओळ कटच्या दोन फ्रेम आधी संपवायची. संवाद कटच्या आसपास पाव सेकंदात सुरू होत असेल तर ओळ थेट कटवर आणायची. बोलणं कटच्या पुढे बराच वेळ चालू असेल, तर ओळही खुशाल चालू राहू द्या.

एवढं झालं की हातात रिकाम्या चौकटी येतात. मैत्रिणीच्या फिल्मला अशा ११३ चौकटी झाल्या. प्रत्येकीची लांबी ठरलेली, मजकूर अजून नाही.

सेकंदावरून अक्षरं

आता प्रत्येक चौकटीत किती इंग्रजी मावेल ते मोजायचं. एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि वाचनाचा वेग सेकंदाला साधारण १७ अक्षरं. यात मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही धरायची. काही ठिकाणी २० पर्यंत चालवून घेतात, पण महोत्सवात बसलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असते, म्हणून मी १७ च धरते. कितीही छोटा शब्द असला तरी तो एका सेकंदाच्या आसपास पडद्यावर हवा, आणि कितीही मोठं वाक्य असलं तरी सात सेकंदांहून जास्त नको.

एक संवाद घेऊ. मुलगी शहराकडे निघाली आहे आणि आई फाटकापाशी म्हणते, “अगं, डबा घेतलास का? आणि पोचल्यावर फोन कर. नाहीतर मागच्या वेळेसारखं बाबांना रात्रभर झोप नाही लागायची.” आई भराभर बोलते, म्हणून चौकट ४.६ सेकंदांची. म्हणजे ७८ अक्षरांची मुभा. मैत्रिणीचं मूळ भाषांतर असं होतं:

```
Hey, did you take your lunch box? And call after reaching. Otherwise like last time, your father won't be able to sleep all night.
```

ही १३० अक्षरं झाली, म्हणजे सेकंदाला २८. कोणीही वाचू शकणार नाही. शिवाय दोन ओळींत ती मावतही नाहीत.

कापताना आधी ठरवायचं की या वाक्याचं काम काय आहे. इथे तीन गोष्टी जायला नकोत: आईची काळजी, फोन करायला सांगणं, आणि हे आधीही घडलंय हा उल्लेख, कारण पुढे वडिलांच्या जागरणाचा संदर्भ येतो. ‘अगं’ सोडून द्यायचं, ते आवाजात ऐकू येतं. ‘आणि’, ‘नाहीतर’ यांची वजनं हलकी करायची. ‘मागच्या वेळेसारखं’ हे सगळं again या एका शब्दात बसतं. मी पहिल्यांदा दुसरी ओळ अशी लिहिली होती:

```
or your father won't sleep again.
```

अक्षरं बसली, पण इंग्रजीत वाढलेल्या एका ओळखीच्या बाईंनी वाचून विचारलं, “बाबा पुन्हा कधीच झोपणार नाहीत? आजारी आहेत का ते?” शब्द बरोबर, अर्थ भलताच. शेवटी हे ठरलं:

```
41
00:06:12,500 --> 00:06:17,083
Got your food? Call when you get there,
or your father will lie awake again.
```

७५ अक्षरं, सेकंदाला साधारण १६. ओळ कुठे मोडली आहे तेही पाहा. स्वल्पविरामाशी, जिथे वाचणारा तसाही क्षणभर थांबतो. your एका ओळीत आणि father दुसऱ्या ओळीत अशी फारकत कधी करू नये.

आपल्या इंग्रजीतले काही शब्द इथे फसवतात. कॉलेजमधून passed out झाला असं लिहिलं तर बाहेरच्या माणसाला तो चक्कर येऊन पडला असं वाटतं. आजोबा expired झाले, साहेब out of station आहेत, हेही तसंच. आपल्याला ते इतके सवयीचे असतात की स्वतःला दिसत नाहीत. म्हणून इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे अशा एका माणसाने पूर्ण फाइल एकदा वाचलीच पाहिजे.

क्रियापद शेवटी येतं तेव्हा

मराठी वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो, इंग्रजी वाक्याचा बऱ्याचदा सुरुवातीलाच. साध्या बोलण्यात याने बिघडत नाही. पण नट मध्ये थांबला तर बिघडतं. या फिल्ममध्ये वडील म्हणतात, “ते पत्र मी…” मग दोन सेकंदांहून जास्त काळ खिडकीबाहेर पाहतात, आणि म्हणतात, “टाकलंच नाही कधी.” याचं एकच सबटायटल केलं, I never posted that letter, तर परदेशी प्रेक्षकाला निकाल आधी कळतो आणि ते दोन सेकंद नुसते रिकामे जातात. नटाने कमावलेली शांतता आपण वाया घालवतो. म्हणून वाक्य तोडायचं, आणि इंग्रजीत पहिल्या तुकड्याला स्वतःच्या पायावर उभं करायचं:

```
67
00:09:50,000 --> 00:09:51,500
That letter...

68
00:09:53,750 --> 00:09:55,500
I never posted it.
```

वेळा आधी बांधल्या की हे आपोआप लक्षात येतं, कारण लाटेत मधला सपाट भाग दिसतो. नुसती पटकथा समोर ठेवून भाषांतर केलं तर ती शांतता कागदावर दिसतच नाही.

‘येते’ आणि ‘जाते’

आता या फिल्मचा सगळ्यात अवघड शब्द. घराबाहेर पडताना मुलगी म्हणते, “येते हं.” आई म्हणते, “ये.” फिल्ममध्ये हे दोनदा घडतं. तिसऱ्या वेळी, शेवटच्या दृश्यात, मुलगी घर कायमचं सोडताना म्हणते, “जाते.” आई थबकते. मग बऱ्याच वेळाने, जुन्या सवयीनेच, म्हणते, “ये.” आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत हे ज्याला माहीत आहे, त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला माहीत नाही, त्याला दोन क्रियापदं ऐकू येतात, इतकंच.

I'm coming असं शब्दशः लिहिलं तर मुलगी घराकडे येत्येय असं वाटेल. मैत्रिणीने तिन्ही ठिकाणी I'm leaving लिहिलं होतं. अर्थाने ते चूक नाही, पण मग शेवटचा ‘जाते’ पहिल्या दोन ‘येते’सारखाच दिसतो आणि आई का थबकली ते कळत नाही. खाली टीप देऊन ‘निघताना जाते म्हणणं अशुभ मानतात’ असं समजावता आलं असतं, पण त्या क्षणी पडद्यावर खुलासा वाचणारा माणूस आईचा चेहरा पाहत नाही.

मार्ग असा निघाला की परदेशी प्रेक्षकाला ही सवय फिल्ममधूनच शिकवायची. ‘येते’मध्ये परत येण्याचं वचन आहे, तर इंग्रजीतही ते वचन उघड ठेवायचं. मनात पहिल्यांदा I'll be back आलं, पण ते एका गाजलेल्या ॲक्शनपटातलं वाक्य आहे आणि सभागृहात हमखास हशा पिकला असता. मग ठरलं ते हे:

```
-Back soon.
-Come back soon.
```

दोघी एकाच शॉटमध्ये पाठोपाठ बोलतात, म्हणून एकाच सबटायटलमध्ये दोन ओळी, प्रत्येकीपुढे छोटी रेघ. दुसऱ्या वेळी अगदी हेच शब्द, एक अक्षरही वेगळं नाही. इथे शब्दवैविध्य दाखवण्याचा मोह टाळायचाच, कारण तीच ओळ तशीच परत आली तरच ती सवय म्हणून लक्षात राहते. आणि शेवटी:

```
112
00:16:38,250 --> 00:16:39,500
I'm going.

113
00:16:43,125 --> 00:16:44,500
Come back soon.
```

मुलीच्या तोंडचा ‘back’ हा शब्द गेला, आणि त्याचं जाणं जाणवतं. पण ते काम शब्द एकटे करत नाहीत, वेळा करतात. ‘जाते’ची ओळ आईच्या चेहऱ्याचा शॉट येण्याआधी संपते. मध्ये साडेतीन सेकंदांहून जास्त पडदा कोरा आहे. मूळ फाइलमध्ये हे दोन्ही संवाद एकत्र रेघा देऊन लिहिले होते, म्हणजे आईने तोंड उघडण्याआधीच तिचं उत्तर वाचून झालं असतं. दृश्य तिथेच मेलं असतं.

अहो आणि तू यांचंही असंच. इंग्रजीत दोन्हींना you, म्हणून फरक वाक्याच्या वळणात आणावा लागतो. आई नवऱ्याला नेहमी ‘अहो, ऐकता का?’ म्हणते तिथे Will you please listen? ठेवलं. एकदाच ती ‘तू ऐक आता’ म्हणते, तिथे Now you listen. मधली सगळी please जपून खर्च केली, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ती येऊ दिली नाहीत. नात्याच्या हाका ऐकू येतात म्हणून ‘आई’ ही हाक Aai अशीच राहू दिली. प्रेक्षक ती दुसऱ्या दृश्यात उचलतो. ‘वहिनी’ मात्र उचलली जात नाही, नाव वाटतं. तिथे पहिल्यांदा my brother's wife असं एखाद्या वाक्यात बसवून घ्यायचं आणि पुढे तिचं खरं नाव वापरायचं.

पडद्यावरच्या पाट्या, पत्रातला मजकूर, दुकानाचं नाव यांचं भाषांतर गोष्टीला हवं असेल तरच द्या. पत्रातली एक ओळ हवी, गावाच्या वेशीवरची जाहिरात नको. पाटी मोठ्या लिपीतल्या अक्षरांत, फोनमधला किंवा बाहेरचा आवाज तिरक्या अक्षरांत, एवढी पद्धत पाळली की पुरे.

तपासणी

पहिल्यांदा आवाज बंद करून, मराठी न येणाऱ्या माणसाला फिल्म दाखवा आणि मध्ये काही बोलू नका. संपल्यावर गोष्ट विचारा. कुठली ओळ वाचायची राहिली ते विचारून कळत नाही, त्याच्या डोळ्यांकडे पाहून कळतं. नजर ओळीच्या मध्यात असताना मजकूर गेला की कपाळावर आठी येते. ती वेळ टिपून ठेवा. दुसऱ्यांदा तुम्ही स्वतः आवाजासह, फक्त प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट पाहत. तिसऱ्यांदा मोठ्या पडद्यावर, दहा-बारा फुटांवरून. पांढऱ्या भिंतीवर किंवा उजळ आकाशावर पांढरी अक्षरं हरवतात का ते तिथेच दिसतं. अक्षरांना बारीक काळी कड असली की बहुतेक वेळा भागतं.

पाठवताना

महोत्सवाला काय हवंय ते आधी विचारा: वेगळी SRT फाइल, म्हणजे वरच्या नमुन्यांसारखी नुसत्या वेळा आणि मजकुराची फाइल, चित्रात कायमची छापलेली सबटायटल, की डीसीपीमध्ये, म्हणजे चित्रपटगृहात चालणाऱ्या डिजिटल प्रतीत, स्वतंत्र ट्रॅक. छापील प्रत मागितली तरी सबटायटलशिवायची स्वच्छ प्रत जपून ठेवा. उद्या फ्रेंच किंवा स्पॅनिश द्यायची वेळ आली की तीच लागते. SRT साठवताना एन्कोडिंग UTF-8 निवडा. नाहीतर वर्ड प्रोसेसरमधून आलेल्या वळणदार अवतरणचिन्हांच्या जागी दुसरीकडे कचरा उमटतो. फाइलचं नाव चित्रफितीच्या नावाशी जुळतं ठेवा, शेवटी `_EN.srt`.

आता ते तीन प्रश्न. संकलकाची टाइमलाइन अनेकदा 01:00:00:00 पासून सुरू होते. तशाच वेळा फाइलमध्ये आल्या तर १८ मिनिटांच्या फिल्ममध्ये एकही ओळ दिसत नाही, कारण पहिली ओळ तासाभराने येणार असते. सगळ्या वेळांतून एक तास वजा करायचा. सुरुवातीला दहा सेकंदांचा लोगो जोडला गेला तर प्रत्येक ओळ सारखीच दहा सेकंद आधी येते. तेही सगळ्या वेळा एकदम सरकवून सुटतं. Subtitle Edit मध्ये त्यासाठी Adjust all times आहे.

फ्रेम रेटचा घोळ वेगळा दिसतो. सुरुवातीला सगळं जुळतं आणि हळूहळू सुटत जातं. २३.९७६ ला बांधलेल्या वेळा, चित्र २४ ने चालवलं तर १८ मिनिटांनंतर सुमारे एक सेकंद मागे पडतात. तपासणारा पहिली पाच मिनिटं पाहून ‘ठीक आहे’ म्हणतो, आणि शेवटचं दृश्य बिघडलेलं असतं. २५ ची फिल्म डीसीपीसाठी संथ करून २४ वर नेली तर फरक थेट ४५ सेकंदांचा होतो. तिथे सरकवून उपयोग नाही, Change frame rate वापरून सगळ्या वेळा ताणाव्या किंवा आकसाव्या लागतात.

म्हणून महोत्सवाकडून तपासणीची लिंक आली की मी सुरुवात पाहत बसत नाही. थेट सोळाव्या मिनिटावर जाते. ‘जाते’ म्हणताना ओळ उमटते का, आईच्या चेहऱ्यावर पडदा कोरा आहे का, आणि तिचे ओठ हलल्यावरच ११३ वं सबटायटल येतं का, एवढंच पाहते. तिथे जुळलं असेल तर मधल्या बाकीच्या ओळींच्या वेळाही बहुधा बरोबर असतात.